बसते आता खुर्चीत

"आज गेले व्हते. बसते आता खुर्चीत. दारात आसते दिवसभर. येनाऱ्या-जानाऱ्याशी बोलते. लई खूश हाय. आई कापूस येचाया गेलती. बाकी समदं ठीक."

हा मेसेज मावशींचा. मावशी म्हणजे आमच्या संस्थेच्या सोयगाव तालुक्यातल्या कार्यकर्त्या. वय पन्नाशीच्या पुढं, नवरा वारलेला, शिक्षण सातवी. आठवड्यातले पाच दिवस त्या एसटीनं आणि पायी गावोगाव फिरायच्या. ज्या मुलांना जन्मापासून हातपाय धड हलवता येत नाहीत, मान धरता येत नाही, अशा चौदा मुलांची घरं त्यांच्याकडं होती. मुलाला कसं बसवायचं, कसं भरवायचं, कुठला व्यायाम द्यायचा हे त्या आयांना शिकवायच्या आणि घरातून बाहेर पडल्या की मला व्हॉट्सॲपवर कळवायच्या.

मी शहरात, ऑफिसात. त्यांनी कळवलेलं मी अहवालात बसवायची.

आमचं ऑफिस गुलमंडीत एका कापड दुकानाच्या वर होतं. दोन खोल्या, आणि माझ्या टेबलासमोर एक खिडकी. खिडकी उघडली की हातभर अंतरावर शेजारच्या गोदामाची भिंत. उजेड यायचा नाही, वारा यायचा नाही; खालच्या दुकानातल्या नव्या कापडाचा वास तेवढा यायचा. त्याआधी आठ वर्षं मी कंत्राटी शिक्षिका होते. ते कंत्राट संपलं तेव्हा घरात आई आजारी, माझं लग्न मोडून वर्ष झालेलं. इंग्रजी बरं होतं म्हणून इथं लागले. इथलीही नेमणूक वर्षावर्षाचीच.

देणगीदार म्हणजे पुण्याच्या एका कंपनीचा धर्मादाय विभाग. त्यांना दर तीन महिन्यांनी प्रगती अहवाल लागायचा. तो कसा भरायचा याचा नमुना त्यांनीच दिलेला. मी आधी मावशींचा प्रत्येक मेसेज माझ्या तक्त्यात उतरवून घ्यायची: तारीख, गाव, मुलाचा क्रमांक, भेट झाली का, काय दिसलं, पुढं काय करायचं. मुलांची नावं अहवालात घालायची नसत, प्रत्येकाला क्रमांक होता. मग त्या तक्त्यावरून देणगीदाराचा नमुना भरायचा. ठरलेल्या भेटी किती, झालेल्या किती, आणि प्रत्येक मुलासमोर एक रकाना, त्यात तीनच पर्याय: सुधारणा, जैसे थे, घसरण. तिन्हींपैकी एक निवडल्याशिवाय फॉर्म पुढं सरकायचा नाही. शेवटी एका मुलाची गोष्ट लिहायची, दोनशे शब्दांत.

मावशींचं लिहिणं तीन पर्यायांत मावणारं नव्हतं. "पोरगं रडत व्हतं, म्या गेल्यावर थांबलं." "आज मोप पाव्हणे व्हते, व्यायाम नाय घेतला, चहा घेतला." "बाप म्हनला रोज कशाला येता." कधी त्या बोलून पाठवायच्या. एसटीच्या इंजिनाच्या घरघरीत अर्धं बोलणं बुडालेलं असायचं. त्यातून मी वाक्यं वेचायची आणि इंग्रजीत लिहायची की कुटुंबाचा सहभाग वाढतो आहे.

सुरुवातीचा मेसेज ज्या घरातला, तिथली मुलगी सहा वर्षांची. तिला मान सावरायला त्रास होता, बोलता येत नव्हतं, आवाज काढायची. आमच्या वाटप शिबिरात तिला चाकाची खुर्ची मिळाली होती. त्यानंतर महिनाभरानं मावशींनी त्या घराबद्दल एक आवाजी मेसेज पाठवला होता. तीनदा ऐकला. "...घसरती... ओढनीनं... आई म्हनती..." आणि मग हॉर्न, कंडक्टरची हाक, संपलं. मी तक्त्यात शेरा लिहिला: ऐकू आलं नाही, विचारणे.

विचारलं नाही. त्या आठवड्यात माझ्या आईला घाटी रुग्णालयात दाखल केलं होतं. नंतर विसरले.

मग तो खुर्चीत बसते म्हणणारा मेसेज आला. मला इतकं बरं वाटलं! तीन महिन्यांच्या मेसेजमध्ये "लई खूश हाय" असं त्या एकदाच म्हणाल्या होत्या. अहवालाची मुदत दुसऱ्या दिवशी होती. आमचे संचालक, त्यांना आम्ही सर म्हणायचो, माझ्या मागं उभे राहून तक्ता बघत होते.

"हे काय? विचारणे?"

"सर, एक मेसेज नीट ऐकू आला नव्हता. मावशींना फोन करते."

"त्यांच्या गावात आत्ता रेंज नसते. आणि नंतरचा मेसेज स्पष्ट आहे ना? बसते, बोलते, खूश आहे. काढून टाक तो शेरा. देणगीदाराला प्रश्नचिन्हं पाठवायची नसतात."

मी शेरा काढला. मुलीच्या क्रमांकासमोर "सुधारणा" निवडलं. तिच्या नोंदीत "बोलणं: नाही" असं लिहिलेलं माझ्या डोळ्यांसमोर होतं. क्षणभर थांबले. मग वाटलं, आवाज काढून लोकांचं लक्ष वेधत असेल, मावशी त्यालाच बोलणं म्हणत असतील. आणि मी लिहिलं की ही मुलगी आता शेजाऱ्यांशी स्वतःच्या पद्धतीनं संवाद साधते. त्या वाक्यावर मी खूश होते, हे कबूल केलं पाहिजे. त्या तिमाहीची गोष्ट म्हणून मी तिचीच गोष्ट लिहिली. अंधाऱ्या घरातून दारात आलेली मुलगी.

आठ-दहा दिवसांनी देणगीदाराच्या अधिकारी बाईंचा पुण्याहून फोन आला. तिशीतल्या, नेमकं बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "तुमची गोष्ट आम्ही आमच्या वार्षिक पुस्तिकेत घेतोय. सगळ्यांना फार आवडली. फक्त मुलीचा खुर्चीतला एक फोटो हवा. आईच्या परवानगीनं."

सरांनी पेढे मागवले. पुढच्या वर्षीची मंजुरी त्याच महिन्यात व्हायची होती. माझी नेमणूकही त्याच मंजुरीवर.

मी मावशींना मेसेज केला: "त्या मुलीचा खुर्चीत बसलेला फोटो पाठवा. आईची परवानगी घ्या. पुण्याला पाठवायचा आहे."

दोन दिवसांनी फोटो आला. त्या मोठ्या खुर्चीत ती मुलगी अशी दिसत होती, जशी एखादी वस्तू खुर्चीत ठेवलेली असते. पाय खुर्चीच्या पाय ठेवायच्या पट्टीपर्यंत पोचत नव्हते. मान एका खांद्यावर पडलेली. छातीवरून ओढणी घेऊन खुर्चीच्या पाठीमागं गाठ मारलेली. डोळे कॅमेऱ्याकडं नव्हते. मागं उंबऱ्यावर एक म्हातारी बाई भिंतीला धरून उभी होती.

मी तो फोटो बघत राहिले, तेवढ्यात आमच्या ऑफिसच्या गटात सरांचा मेसेज पडला. मावशींनी फोटो गटात टाकला होता आणि सरांनी तो लगेच पुण्याला पुढं पाठवलाही होता. खाली त्यांचा शेरा: उत्तम.

मी जिन्यात जाऊन मावशींना फोन लावला.

"मावशी, ही रोज बसते ना अशी?"

"कोन?"

"मुलगी."

कोंबडी ओरडल्याचं ऐकू आलं.

"मॅडम, पोरगी कशी बसंल? खुर्ची मोठ्या मानसाची हाय. ती खाली घसरती. आईनं ओढनीनं बांधून पाहिलं व्हतं, तर काखंत वळ उठले. म्या सांगितलं व्हतं ना तुमाला, बोलून पाठवलं व्हतं."

"मग तुम्ही लिहिलं होतं ना, बसते आता खुर्चीत?"

"आजी बसती की. गुडघे गेलेत तिचे. दोन वर्सं घरातनं भाईर नव्हती ती. म्या आजीचं लिव्हलं व्हतं."

"मग आज फोटोत मुलीला का बसवलं?"

"तुमीच म्हनले, पोरीचा फोटो पायजे. पुन्याला पायजे. म्या म्हनलं, मॅडमला लागतोय. दोन मिंटं बसवली, लगीच काढली."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. मी मागितलं, त्यांनी दिलं. मी लिहिलेली गोष्ट खरी करायला त्या गावात जाऊन आल्या होत्या, आणि त्यासाठी एका पोरीला पुन्हा बांधलं होतं.

माझ्या लक्षात आलं की चूक एका शब्दाची नव्हती. माझ्या तक्त्यात प्रत्येक ओळ एका मुलाच्या क्रमांकाची होती. त्या घरातून जे वाक्य येईल ते मी त्या मुलाच्या नावावर चढवत होते. मावशी मात्र घराबद्दल लिहीत होत्या. घरात आजी असते, आई असते, शेळी असते. कोण बसली हे विचारायला मला एक फोन पुरला असता.

सरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"फोटो आहे ना? मुलगी खुर्चीत आहे ना त्यात?"

"दोन मिनिटांसाठी बसवलं होतं सर."

"मग खोटं काय आहे त्यात? खुर्ची आपणच दिली. हे बघ, मी वीस वर्षं ही संस्था ओढतोय. एका वाक्यापायी चौदा मुलांचं काम बंद पाडायचं का? मावशींचा पगार? तुझा?"

ते वाईट माणूस नव्हते. स्वतःच्या स्कूटरवर मुलांना तपासणीला नेलेलं मी पाहिलं होतं. खोटं तेच बोलत असते तर सोपं होतं. वाक्य माझं होतं.

पुढचे पाच-सहा दिवस मी रोज ऑफिसला गेले, रोज त्या खिडकीसमोर बसले. पुण्याहून पुस्तिकेच्या पानाचा नमुना तपासायला आला. माझी गोष्ट सुंदर अक्षरांत, शेजारी तो फोटो, कडा कापून असा बसवलेला की ओढणीची गाठ दिसत नव्हती. म्हातारीही कापली गेली होती. खाली लिहिलं होतं: मजकूर बरोबर असल्याचं कळवावं. मी उत्तर लिहायची आणि पुसायची. कळवलं तर मावशींवर येणार, चौदा घरांवर येणार, आईच्या औषधांवर येणार. न कळवलं तर पुढच्या तिमाहीत या मुलीची आणखी प्रगती दाखवावी लागणार, कारण पुस्तिकेत छापलेलं मूल मागं जाऊ शकत नाही. मग तिला पुन्हा बांधणार. कुठंही वळलं की समोर ती हातभरावरची भिंत.

घरी आईनं एकदा विचारलं, "जेवत का नाहीस?" काय सांगणार होते?

शेवटी एका शुक्रवारी रजा टाकली आणि सकाळच्या एसटीनं निघाले. सिल्लोड, अजिंठा, घाट, फर्दापूर, मग सोयगाव. दोन वर्षं मी या तालुक्याबद्दल लिहीत होते आणि पहिल्यांदा जात होते. स्टँडवर मावशी उभ्या होत्या, खांद्याला पिशवी, पायात झिजलेल्या चपला. "आल्या का," एवढंच म्हणाल्या. गावापर्यंत एका जीपमध्ये दाटीवाटीनं बसून गेलो, पुढं पायी.

घर गावाच्या कडेला, डोंगराच्या बाजूला. दारात चाकाची खुर्ची आणि तीत आजी. मांडीवर सूप, सुपात तूर. समोरून जाणाऱ्या बाईला ती हाक मारून विचारत होती की जावई आला का. मावशींनी लिहिलेलं अक्षरन् अक्षर खरं होतं. दारात असते, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलते, खूश आहे.

मुलगी आत होती. भिंतीच्या कोपऱ्यात गोधडीवर, दोन्ही बाजूंना धान्याची पोती लावून टेकवलेली. मावशी आधी तिच्याजवळ गेल्या, हात धुऊन तिचे पाय हातात घेतले, हळूहळू गुडघ्यात वाकवायला लागल्या. मुलगी हसली. मी पोत्याजवळ बसले. तिच्या काखेत, जिथं ओढणी काचली होती तिथं, फिकट काळसर रेघ अजून होती.

आजीनं दारातून विचारलं, "ह्या बाई कोन? हापिसातल्या?"

"व्हय," मावशी म्हणाल्या.

"मग खुर्ची न्याया आल्या का?"

मी म्हणाले, "नाही आजी, बघायला आलेय."

"नेऊ नका माय. मला आता गाव दिसतं."

दुपारी मुलीची आई कापूस वेचून आली. पंचविशीची, हातांना बोंडांचे ओरखडे. तिनं पाणी दिलं, मग खाली बसली. मी फोटोचं विचारलं.

"मी रानात व्हते. सासूनं हो म्हनलं. मला इचारलं असतं तर म्या नाय म्हनले असते. आधी एकदा बांधली तवाच लई रडली ती."

"खुर्ची मोठी आहे हे शिबिरात कोणाला सांगितलं होतं?"

"सांगितलं की. तुमचा मानूस म्हनला, बारक्या संपल्या, फुडच्या बारीला बदलून देऊ. मंग कुनीच आलं नाय."

हे आमच्या कुठल्याच कागदावर नव्हतं. आमच्या कागदावर होतं: खुर्ची दिली, सही घेतली.

परत निघालो. सोयगावच्या स्टँडवर माझ्या गाडीला दीड तास होता. मी वही काढली आणि मावशींना म्हणाले, "तुमचे या तीन महिन्यांचे सगळे मेसेज वाचते. मला फक्त सांगा, कोण, आणि तुम्ही डोळ्यांनी पाहिलं की कुणी सांगितलं."

"आत्ता?"

"आत्ता. आधीच विचारायला हवं होतं."

बाकावर बसून आम्ही एकेक मेसेज वाचला. "गेले व्हते" असं त्या लिहायच्या ते मी प्रत्येक वेळी झालेली भेट धरली होती. त्यातल्या काही घरांना कुलूप होतं. त्या नुसत्या जाऊन आल्या होत्या. "पोरगं चांगलं हाय" हे एका ठिकाणी भावाबद्दल होतं. "आता घास गिळतो" हे आईनं फोनवर सांगितलेलं, मावशींनी पाहिलेलं नव्हतं. एका मुलाबद्दल मी "जैसे थे" लिहिलं होतं, तिथं मावशींच्या म्हणण्यानं तो पहिल्यांदा स्वतः कुशीवर वळला होता. त्यांनी लिहिलं होतं "पोरगं वळलं", आणि मला वाटलं होतं की दिशा वळली, चेहरा वळवला, असं काही. खरी सुधारणा मी पुसून टाकली होती.

हे ऐकून मावशी पहिल्यांदा चिडल्या. "त्याच्यापायी आठ महिने गेले माझे! आठ महिने! आन तुमी लिव्हलंच नाय?"

मी वहीत त्याच्या क्रमांकापुढं लिहिलं: स्वतः कुशीवर वळला.

"मॅडम, तुमी मला इचारायचं. म्या अडानी हाय, पर मी तिथं असते."

सोमवारी सरांच्या पुढ्यात सुधारलेला अहवाल ठेवला. पहिल्या पानावर काय बदललं आणि का, हे साध्या वाक्यांत. मुलीची गोष्ट मागं घेतलेली. खुर्ची मापाची नाही, मुलगी ती वापरू शकत नाही, सध्या घरातली आजी वापरते, बदलून देण्याचं आश्वासन आमच्याकडून पाळलं गेलं नाही. फोटो आईच्या परवानगीशिवाय काढलेला, तो काढून टाकावा. झालेल्या भेटी आणि बंद दारं वेगळी दाखवलेली. कार्यकर्तीनं पाहिलेलं आणि घरच्यांनी सांगितलेलं वेगळं. जिथं कळलं नाही तिथं "माहीत नाही". फॉर्मच्या रकान्यात ते लिहिता येत नव्हतं, म्हणून वेगळी पुरवणी जोडली. आणि शेवटी: चुकीचा अर्थ मी लावला, कार्यकर्तीनं कळवलेलं बरोबर होतं.

सरांनी सगळं वाचलं.

"मंजुरीनंतर पाठवू या," ते म्हणाले.

"तोपर्यंत पुस्तिका छापून होईल सर."

"तू पाठव मग. माझं नाव खाली नको."

मी माझ्या नावानं पाठवला. त्यानंतरचे तीन दिवस पुण्याहून काही आलं नाही. सर माझ्याशी कामापुरतं बोलायचे. चौथ्या दिवशी अधिकारी बाईंचा फोन आला. आवाजात आधीची ऊब नव्हती.

"हे पहिल्यांदा पाठवतानाच का नाही तपासलं?"

"तपासायला हवं होतं. मी तपासलं नाही."

"पान आम्ही काढलं. पण मला वर उत्तर द्यावं लागलं, तुम्हाला कल्पना असेल." मग त्या म्हणाल्या, "सगळ्या खुर्च्यांची तपासणी करून घ्या. प्रत्येक मुलाचं माप, प्रत्येक खुर्चीचं माप. त्यानंतर मंजुरीचं बघू."

तपासणीला आमच्या संस्थेशी जोडलेल्या एक फिजिओथेरपिस्ट गावोगाव गेल्या, मावशी त्यांच्यासोबत. आणखी दोन खुर्च्या चुकीच्या निघाल्या. त्या मुलीसाठी त्यांनी जमिनीवर ठेवायची लाकडी बैठक सुचवली, दोन बाजू काटकोनात, पुढं फळी. सोयगावच्या सुतारानं मापानं करून दिली. मुलगी तीत पंधरा-वीस मिनिटं बसते. मान अजून पडते. हे फिजिओथेरपिस्टनी पाहिलेलं आहे.

पण मोठी खुर्ची देणगीदाराच्या कागदावर मुलांसाठी होती, आणि दुसऱ्या गावात सोळा वर्षांचा एक मुलगा त्या मापाचा होता. ती खुर्ची त्याच्याकडं गेली. न्यायला मावशींनाच जावं लागलं. त्या दिवशीचा त्यांचा मेसेज असा होता: "खुर्ची आनली. म्हातारी बोलली नाय." ज्येष्ठांच्या सरकारी योजनेत मी आजीचा अर्ज भरला. कागद दोनदा परत आले, तिसऱ्यांदा घेतले. खुर्ची अजून मिळालेली नाही. आजीला मी शब्द दिला होता की खुर्ची न्यायला आलेले नाही. खरं लिहिल्यावर कुणाचं काय जाईल हे मला त्या दारात उभी असताना कळत होतं, आणि मी ते तिला सांगितलं नव्हतं.

मंजुरी आली, एका वर्षाऐवजी सहा महिन्यांची. माझी नेमणूकही तेवढीच वाढली. मी अजून त्याच टेबलाशी बसते. मावशी आता मेसेज असे पाठवतात: "मुलगा क्रमांक चार. भेट झाली. मी स्वतः पाहिले. व्यायाम घेतला." चहाचं, पाव्हण्यांचं, बापाच्या बोलण्याचं काही नसतं. मी एकदा म्हणाले, "मावशी, पहिल्यासारखं लिहा ना, मी विचारीन." त्या म्हणाल्या, "नगं. माझ्या लिव्हन्यानं पोरीला बांधलं." मी म्हणाले, माझ्या लिहिण्यानं. आता मी रोज संध्याकाळी चारला त्यांना फोन करते आणि त्यांनी न लिहिलेलं तोंडी ऐकते.

फोटोचं मुलीच्या आईला मीच कळवलं. मावशींच्या फोनवरून बोलले. पुण्याच्या लोकांनी काढून टाकल्याचं लेखी दिलं होतं. सरांनी आणि मी आपापल्या फोनमधून काढला होता. पण गटात अकरा जण होते, कुणी आणखी कुठं पाठवला असेल तर मला माहीत नव्हतं.

"सगळीकडून गेला असं मी सांगू शकत नाही," मी म्हणाले.

मागं मुलीचा आवाज येत होता.

"बरं," ती म्हणाली. "तुमच्या कागदावर लिव्हा मंग, की आईला इचारल्याबिगर हिचा फोटो काढायचा नाय. आन लिव्हलं की मला वाचून दावा."

मी लिहिलं, आणि तिला वाचून दाखवलं. तिनं एक शब्द बदलायला सांगितला. "विचारल्याशिवाय" नको, "आई स्वतः हजर असल्याशिवाय" असं लिहा, म्हणाली. तसं लिहिलं.